'लास्ट फ्रायडे' लिहिलेलं असताना 'हॅज अप्रूव्ह्ड' चूक का धरतात? जरा खोलात जाऊन बघू

रिकाम्या जागा भरायचा एक साधा प्रश्न घेऊ. वाक्य असं आहे: 'द मॅनेजर ____ माय लीव्ह लास्ट फ्रायडे, बट आय ____ द मेल येट.' पहिल्या जागी 'अप्रूव्ह'चं रूप भरायचंय, दुसऱ्या जागी 'नॉट रिसीव्ह'चं. भरपूर जण दोन्हीकडे प्रेझेंट परफेक्ट लिहून मोकळे होतात, म्हणजे 'हॅज अप्रूव्ह्ड' आणि 'हॅव नॉट रिसीव्ह्ड'. दुसऱ्यावर बरोबरची खूण आणि पहिल्यावर फुली. मग डोकं फिरतं, कारण रजा तर आजही मंजूरच आहे ना, काम पूर्ण झालंय, परिणाम आत्ता चालू आहे, आणि वर्गात तर हेच सांगितलेलं की पूर्ण झालेली क्रिया आणि तिचा परिणाम आत्ता असेल तर प्रेझेंट परफेक्ट वापरायचा.

घोळ इथेच आहे. तो नियम खोटा नाहीये पण अर्धा आहे. परिणाम आत्ता आहे की नाही हा प्रश्न तेव्हाच विचारायचा जेव्हा वाक्यात वेळ सांगितलेली नसते. वेळ सांगितली आणि ती वेळ संपलेली असेल तर परिणामाचं काही चालत नाही, सरळ सिंपल पास्ट. रजा मंजूर राहो की रद्द होवो, 'लास्ट फ्रायडे' आला म्हटल्यावर 'अप्रूव्ह्ड'च.

कारण काय, तर 'हॅज' आणि 'हॅव' ही वर्तमानकाळाची रूपं आहेत. नावातच प्रेझेंट आहे, ते आपण वाचतो आणि विसरतो. हॅज वापरलं की बोलणारा आत्ताच्या जागी उभा राहून मागे बघतोय, आणि त्याच्या वाक्यातली वेळ आत्तापर्यंत येऊन पोचली पाहिजे. 'लास्ट फ्रायडे' पोचत नाही, तो शुक्रवारी रात्रीच संपला. एकाच क्रियापदाला 'हॅज' आत्ताकडे ओढतो आणि 'लास्ट फ्रायडे' मागे ओढतो, इंग्रजीला हे दोन्ही एकत्र चालत नाही. दुसऱ्या रिकाम्या जागेत तसं नाही, 'येट' म्हणजे अजूनपर्यंत, ती वेळ आत्ताला येऊन टेकते, म्हणून 'हॅव नॉट रिसीव्ह्ड' बरोबर.

आता मराठी माणूस यात हमखास का अडकतो ते बघा. तेच वाक्य मराठीत म्हणून बघा: 'मॅनेजरनी गेल्या शुक्रवारीच माझी रजा मंजूर केलीये, पण मेल अजून आलेला नाहीये.' काही खटकलं? नाही खटकत. केलीये म्हणजे केली आहे, आणि मराठीतला हा 'आहे' काल, परवा, गेल्या वर्षी, कशाच्याही शेजारी आरामात बसतो. 'फॉर्म कालच भरलाय', 'मी त्याला परवा सांगितलंय' असं आपण दिवसभर बोलतो, मग ते तसंच्या तसं इंग्रजीत उतरतं आणि 'आय हॅव टोल्ड हिम द डे बिफोर यस्टरडे' तयार होतं. कानाला आपलं वाटतं म्हणून चूक दिसतच नाही. आणि हे फक्त आपलंच नाही बरं का, जर्मन आणि फ्रेंचमध्येही काल पाहिलं म्हणताना मदतीला have सारखं क्रियापद येतं आणि ते बरोबर धरलं जातं, म्हणून ती मंडळी इंग्रजी शिकताना हीच चूक करतात. भाषाशास्त्रात या प्रश्नाला 'प्रेझेंट परफेक्ट पझल' म्हणतात, वोल्फगांग क्लाइन नावाच्या जर्मन अभ्यासकाने 1992 साली याच नावाचा लेख लिहिला. थोडक्यात, हा इंग्रजीचा स्वतःचा हट्ट आहे, मराठीवरून ताडून बघायला गेलात तर फसणार.

आधी वेळ शोधा, क्रियापद नंतर

प्रश्न वाचताना आपली नजर आधी रिकाम्या जागेवर किंवा ऑप्शनवर जाते, तिथे 'हॅज अप्रूव्ह्ड' दिसलं की ते भारदस्त वाटतं आणि हात तिकडे जातो. उलटं करा. आधी वाक्यात वेळ सांगणारे जे काही शब्द आहेत त्यांच्याभोवती गोल करा, आणि त्यांना एकच प्रश्न विचारा: ही मुदत संपली आहे की अजून चालू आहे? म्हणजे त्या वेळेत अजून काहीतरी घडायला जागा उरली आहे का?

'लास्ट फ्रायडे', 'यस्टरडे', 'इन 2019', 'ॲट फाइव्ह ओक्लॉक धिस मॉर्निंग', मुदत संपली, काहीही घडू शकत नाही, सिंपल पास्ट. 'धिस वीक', 'धिस इयर', 'सो फार', 'येट', 'एव्हर', मुदत चालू, प्रेझेंट परफेक्ट चालेल. 'आय हॅव मेट हिम ट्वाइस धिस इयर' बरोबर, कारण वर्ष संपलेलं नाही, तिसऱ्यांदा भेट होऊ शकते. हेच वाक्य 'लास्ट इयर' घालून केलं की 'आय मेट हिम ट्वाइस लास्ट इयर', भेटी दोनच आहेत, माणूस तोच आहे, फक्त मुदत बंद झाली.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे, की नुकतीच झालेली गोष्ट म्हणजे प्रेझेंट परफेक्ट आणि जुनी गोष्ट म्हणजे सिंपल पास्ट. गोष्ट किती जवळची आहे त्याने काही ठरत नाही. 'आय हॅव सेंट इट टू मिनिट्स अगो' चूक आहे, दोनच मिनिटं झाली असली तरी, कारण 'अगो' हा शब्द घड्याळातल्या एका ठरावीक बिंदूवर बोट ठेवतो आणि तो बिंदू मागे गेला. उलट 'धिस सेंच्युरी' ही केवढी मोठी मुदत, तरी ती चालू आहे म्हणून तिच्याबरोबर प्रेझेंट परफेक्ट खुशाल येतो. त्यामुळे 'अगो' त्याच क्रियापदाची वेळ सांगत असला की विचारच करू नका, प्रेझेंट परफेक्टचा ऑप्शन सरळ खोडा. 'जस्ट' आणि 'जस्ट नाऊ' यांचाही गोंधळ यातूनच होतो, 'ही हॅज जस्ट लेफ्ट' ठीक, पण 'जस्ट नाऊ'चा अर्थ आत्ता थोड्या वेळापूर्वी असा असेल तर परीक्षेत 'ही लेफ्ट जस्ट नाऊ' हेच सुरक्षित.

'धिस मॉर्निंग' मात्र दुतोंडी आहे. सकाळी दहाला बोलत असाल तर सकाळ चालू आहे, 'आय हॅव हॅड थ्री कॉल्स धिस मॉर्निंग' चालतं. दुपारी चारला तेच बोललात तर सकाळ संपली, 'आय हॅड थ्री कॉल्स'. वाक्यात किंवा उताऱ्यात किती वाजलेत ते कुठेतरी दिलेलं असतं, ते शोधायचं, आणि नसेलच दिलेलं तर तो प्रश्नच कच्चा आहे.

वेळेच्या शब्दाच्या मागेपुढे काय आहे ते बघा

गोल केलेल्या शब्दाच्या आधीचे छोटे शब्द सोडू नका, सगळी गंमत तिथेच असते. 'लास्ट वीक' आणि 'इन द लास्ट वीक' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'लास्ट वीक' म्हणजे मागचा आठवडा, जो रविवारी की शनिवारी संपला तो. 'इन द लास्ट वीक' म्हणजे गेल्या सात दिवसांत, आत्ता या क्षणापर्यंत. म्हणून 'वी रिसीव्ह्ड टेन कम्प्लेंट्स लास्ट वीक' पण 'वी हॅव रिसीव्ह्ड टेन कम्प्लेंट्स इन द लास्ट वीक'. 'फॉर द लास्ट टू इयर्स', 'ओव्हर द लास्ट फ्यू मंथ्स' हेही दुसऱ्या गटातले. ज्यांनी 'लास्ट दिसला की सिंपल पास्ट' असं पाठ केलंय ते इथे उलट्या बाजूने पडतात.

दुसरा शब्द 'सिन्स'. 'यस्टरडे' एकटा असेल तर मुदत बंद, पण 'सिन्स यस्टरडे' म्हणजे कालपासून आत्तापर्यंत, मुदत उघडली. 'शी हॅज बीन इल सिन्स यस्टरडे' पूर्ण बरोबर. म्हणजे यस्टरडे हा शब्द काही विषारी नाहीये, तो क्रियेची तारीख सांगतोय की सुरुवात सांगतोय एवढं बघायचं.

'फॉर' बद्दल मात्र सावध राहा, कारण 'फॉर' दिसला की परफेक्ट असं शिकवून ठेवलेलं असतं आणि ते खरं नाही. 'फॉर सिक्स इयर्स' नुसती लांबी सांगतो, ती सहा वर्षं कुठे संपतात ते सांगत नाही. 'ही हॅज वर्क्ड हिअर फॉर सिक्स इयर्स' म्हणजे अजून काम करतोय, 'ही वर्क्ड हिअर फॉर सिक्स इयर्स' म्हणजे सोडून गेला. दोन्ही बरोबर, कुठलं घ्यायचं ते बाकीच्या वाक्यावरून ठरतं.

वेळ कुठल्या क्रियापदाला चिकटली आहे?

हे बरेच जण बघत नाहीत आणि बरोबर वाक्याला चूक ठरवून येतात. 'द पार्सल यू सेंट लास्ट वीक हॅज अराइव्ह्ड.' लास्ट वीक आहे, हॅज पण आहे, म्हणून एरर? नाही. 'लास्ट वीक' हा 'सेंट'ला चिकटलाय, पाठवलं गेल्या आठवड्यात, आणि 'सेंट' सिंपल पास्टच आहे. 'हॅज अराइव्ह्ड'ला वेळच दिलेली नाही, पार्सल आलंय, बस. तसंच 'आय हॅव रेड यस्टरडेज रिपोर्ट', इथे कालचा आहे तो रिपोर्ट, वाचन कधी झालं ते सांगितलेलंच नाही. गोल केलेल्या शब्दापासून एक बाण काढा आणि तो कुठल्या क्रियापदाकडे जातो ते बघा. बाण 'हॅव' किंवा 'हॅज'कडे गेला नाही तर भांडण नाही.

आणि 'हॅव' दिसला की प्रेझेंट परफेक्टच असतो असंही नाही. 'ही मस्ट हॅव लेफ्ट यस्टरडे' हे वाक्य शंभर टक्के बरोबर आहे. इथे वर्तमानाचं काम 'मस्ट' करतोय, तो आत्ताचा अंदाज आहे, आणि त्याच्या पुढचा 'हॅव' फक्त घटना मागे झाली एवढंच दाखवतो. त्याला स्वतःचा काळ नाही म्हणून 'यस्टरडे'शी त्याचं वैर नाही. 'मे हॅव', 'शुड हॅव', 'सीम्स टू हॅव', 'हॅविंग फिनिश्ड', सगळ्यांना हेच लागू. 'हॅड'लाही लागू, 'ही हॅड लेफ्ट ॲट फाइव्ह' चालतं, कारण हॅड स्वतःच भूतकाळाचा. अडचण फक्त उघड्या, कर्त्याला लागून आलेल्या 'हॅव' आणि 'हॅज'ची आहे.

वेळ लिहिलेली नसते पण असते

काही प्रश्नांत यस्टरडे, अगो वगैरे काहीच नसतं आणि तरी परफेक्ट चूक ठरतो. कारण वेळ दुसऱ्या रूपात लपलेली असते. 'आय हॅव मेट हिम व्हेन आय वॉज इन कॉलेज', यात 'व्हेन आय वॉज इन कॉलेज' हा अख्खा तुकडाच तारखेसारखा आहे, आणि 'वॉज' सांगतोय की ते दिवस गेले, म्हणून 'आय मेट हिम'. प्रश्नार्थक 'व्हेन'चंही तसंच, 'व्हेन हॅव यू कम?' चूक, 'व्हेन डिड यू कम?' बरोबर, कारण कधी विचारलं म्हणजे उत्तरात ठरावीक वेळच येणार. मराठीत 'कधी आलायस?' सर्रास म्हणतो आपण, म्हणून हे हमखास निसटतं.

उताऱ्यात हे आणखी पसरलेलं असतं. हा छोटा उतारा बघा: 'द कंपनी हॅज अपॉइंटेड अ न्यू डायरेक्टर. शी ____ द फर्म इन 2012 अँड ____ इन द सेल्स टीम फॉर सिक्स इयर्स. सिन्स 2018 शी ____ द ट्रेनिंग डिपार्टमेंट.' क्रियापदं अनुक्रमे जॉइन, वर्क आणि लीड.

पहिल्या वाक्यात वेळ नाही, नवी बातमी आहे, नेमणूक झालीय, म्हणून परफेक्ट. इंग्रजी बातम्या अशाच सुरू होतात आणि तपशिलात शिरल्या की लगेच सिंपल पास्टवर उतरतात. विद्यार्थी काय करतो, तर पहिलं वाक्य परफेक्टमध्ये आहे म्हणून सूर तोच धरून 'हॅज जॉइन्ड' लिहितो, पण 'इन 2012' तिथे बसलाय, म्हणून 'जॉइन्ड'. दुसऱ्या जागेत 'फॉर सिक्स इयर्स' बघून मोह होतो, मात्र पुढचं वाक्य वाचा, 2018 पासून ती दुसऱ्या विभागात आहे, म्हणजे ती सहा वर्षं 2012 ते 2018 अशी दोन्ही बाजूंनी बंद झाली, म्हणून 'वर्क्ड'. तिसऱ्या जागेत 'सिन्स 2018', आत्तापर्यंत चालू, 'हॅज लेड' किंवा 'हॅज बीन लीडिंग'. लक्षात घ्या, दुसऱ्या जागेचं उत्तर तिसऱ्या वाक्यात होतं, त्यामुळे उतारा पूर्ण वाचल्याशिवाय पेन टेकवायचं नाही.

चूक ओळखा प्रकारात कुठला भाग मार्क करायचा

'आय हॅव कंप्लीटेड / माय कोर्स / इन 2019 / नो एरर.' इथे चूक आहे हे कळूनही मार्क जातो, कारण कोणी तिसरा भाग निवडतं. 'इन 2019' काढलं तरी वाक्य सुधारतं हे खरंय, पण वेळ ही दिलेली माहिती धरतात आणि क्रियापदाने तिच्याशी जुळवून घ्यायचं असतं, म्हणून चूक पहिल्या भागात.

वाक्य सुधारा प्रकारात मात्र अधोरेखित भागाचंच ऐकायचं. 'शी हॅज वर्क्ड हिअर इन 2019' असं वाक्य असेल आणि अधोरेखित 'इन 2019' असेल, तर क्रियापदाला हात लावता येत नाही, मग उत्तर 'सिन्स 2019'. स्वतः वाक्य लिहिताना तुम्हाला परफेक्टच ठेवायचा असेल तर वेळ काढून टाका, किंवा दोन वाक्यं करा: 'द मॅनेजर हॅज अप्रूव्ह्ड माय लीव्ह. ही डिड इट लास्ट फ्रायडे.' मंजूर आहे हेही सांगून झालं, कधी तेही सांगून झालं, आणि प्रत्येक क्रियापदाला आपापली वेळ मिळाली.

अमेरिकन इंग्रजीत चालतं म्हणतात ते?

नाही चालत. अमेरिकन लोक 'जस्ट', 'ऑलरेडी', 'येट' यांच्याबरोबर सिंपल पास्ट वापरतात, 'आय ऑलरेडी एट' वगैरे, म्हणजे ते परफेक्ट कमी वापरतात, जास्त नाही. 'हॅव सीन हिम यस्टरडे'ला त्यातून काही आधार मिळत नाही. ऑस्ट्रेलियन लोकांच्या बोलण्यात, घडलेला किस्सा रंगवून सांगताना, असा परफेक्ट ऐकू येतो आणि फुटबॉलच्या ब्रिटिश कॉमेंट्रीतही कधी कधी येतो, पण ते बोलणं झालं, टेन्सच्या प्रश्नाला तो पुरावा म्हणून दाखवता येणार नाही.

आन्सर कीवर हरकत घ्यायची असेल तर ती कधी टिकते ते सांगतो. वाक्यात 'टुडे' किंवा 'रीसेंटली' असेल आणि बाकी काही खूण नसेल तर सिंपल पास्ट आणि परफेक्ट दोन्ही बरोबर असतात, तिथे एकालाच मार्क दिला असेल तर जरूर भांडा. वेळ न सांगितलेलं 'धिस मॉर्निंग' असेल तरी भांडा. 'सिन्स लास्ट वीक' किंवा 'इन द लास्ट वीक'बरोबरचा परफेक्ट कापला असेल, किंवा 'मस्ट हॅव लेफ्ट यस्टरडे'ला चूक म्हटलं असेल, तर की चुकलीय, तुम्ही नाही. पण बाण सरळ 'लास्ट फ्रायडे'पासून 'हॅज'कडे जात असेल आणि तुमचा मुद्दा एवढाच असेल की परिणाम अजून चालू आहे, तर हरकतीची फी वाचवा.